फिरतीवर खाताना: खानावळ, उडुपी हॉटेल आणि संध्याकाळची गाडी

"मॅडम, वय ४१, वजन ७८ किलो. राहतो निपाणीत. शेतीऔषधांच्या विक्रीसाठी आठवड्यातले पाच दिवस चिक्कोडी, संकेश्वर, हुक्केरी, गोकाक अशी फिरती असते. रात्रीचं जेवण तेवढं घरी, बाकी सगळं बाहेर. सकाळी पुरी-भाजी नाहीतर उप्पीट-शिरा, दुपारी खानावळीत तीन भाकरी आणि दोनदा भात, पाच वाजता गिरमिट-मिरची, दिवसभरात सहा चहा. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, पण बाहेरचं बंद करा. डबा मला जमणार नाही आणि बाहेर खायची हौसही आहे. काही मार्ग आहे का?"

मार्ग आहे, आणि तो बराचसा तुमच्या खानावळीतूनच जातो. बेळगावात आहारसल्ला द्यायला लागून मला वीसेक वर्षं झाली. फिरतीच्या माणसाला "बाहेरचं बंद" सांगितलं की तो पंधरा दिवस पाळतो आणि सोळाव्या दिवशी दुप्पट खातो, हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी ते सांगतच नाही. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, आणि तुम्ही त्यावर उभे आहात. गोळीशिवाय मागे फिरता येतं ते इथूनच.

तुमची यादी वाचून मला तेलाआधी दुसरंच खटकलं. तुमच्या प्रत्येक खाण्यात पीठ दोनदा येतं. पुरीबरोबर बटाटा. उप्पिटाबरोबर शिरा, म्हणजे एकच रवा, एकदा तिखट आणि एकदा गोड. भाकरीनंतर भात, तोही दोनदा. गहू, ज्वारी, तांदूळ, रवा, चुरमुरे, बटाटा, साबुदाणा ही नावं वेगळी असली तरी रक्तात उतरताना सगळ्यांची साखरच होते, कुणाची लवकर तर कुणाची जरा उशिरा. म्हणून माझा पहिला नियम साधा आहे: एका बैठकीला एकच धान्य. भाकरी घेतली तर भात नाही. भात खायचा असेल तर भाकरी नाही. बटाट्याची भाजी आली तर तिलाही धान्यच समजायचं. कॅलरी मोजायला मी सांगत नाही, कारण सप्लायर वाढायला समोर उभा असताना कोणी कॅलरी मोजत नाही. "एकच धान्य" एवढं मात्र तेव्हाही आठवतं.

आता दुपारपासून सुरू करते, कारण दिवसातलं तुमचं सगळ्यात चांगलं ताट तेच आहे आणि बिघडतंही तेच.

आपल्या भागातल्या शाकाहारी खानावळीत बसल्यावर पहिल्यांदा पानात काय येतं ते आठवा. कांदा, काकडी, गाजर, कधी मुळ्याचा पाला, मोसमात मेथीची कच्ची पानं. मग शेंगाचटणी, एखाद्या ठिकाणी कारळ्याची किंवा जवसाची. मग काळपल्या, म्हणजे मटकी, मूग, चवळी किंवा मसूर, जे असेल ते. पालेभाजी. भरलं वांगं. एक वाटी दही. मग भाकरी, आणि शेवटी भात-सार. धान्य, कडधान्य, पालेभाजी, कच्चं आणि दही अशी पाचही घरं भरलेलं ताट मोठमोठ्या हॉटेलांच्या मेनूतही शोधावं लागतं. इथे ते न मागता समोर येतं. अडचण एवढीच, की भूक लागलेली असते, भाकरी गरम असते, आणि आपण चटणी-वांग्याशी पहिल्या दोन भाकऱ्या संपवतो. उसळीची वाटी तशीच राहते, आणि काकडी पानाच्या कडेला सुकते.

तर तुम्ही असं करा. बसल्या बसल्या कच्चं सगळं संपवा, भाकरी यायच्या आधी. तीन-चार मिनिटं लागतात. मग उसळ चमच्याने अर्धी वाटी नुसतीच खा. मग भाकरी तोडा. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पीठ सावकाश पचतं आणि साखर एकदम उसळत नाही. त्याच ताटातले तेच पदार्थ, नुसता क्रम बदलला तरी फरक पडतो. यात तुम्हाला काही सोडायचं नाही आणि पैसेही जास्त जात नाहीत.

भाकऱ्या दोन. खानावळीची मोठी भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची धरा. तिच्यात सहा ग्रॅम प्रथिनं, सहा ग्रॅमच्या आसपास तंतू आणि दोनशे कॅलरी. एक वाटी भात यापेक्षा थोडा हलका असतो, पण त्यात तंतू दीड ग्रॅमही मुश्किलीने निघतो. म्हणून निवडायचंच झालं तर भाकरी. पण इथे आपल्याकडचा एक मोठा गैरसमज सांगते, कारण तो रोज ऐकते: "ज्वारीनं साखर वाढत नाही." वाढते. भातापेक्षा सावकाश वाढते, एवढंच. तीन भाकऱ्या म्हणजे १८० ग्रॅम पीठ झालं, आणि ते कोणत्याही दाण्याचं असलं तरी पीठच. कडक भाकरीचंही तसंच. ती हलकी लागते, कुरकुरीत असते, म्हणून नकळत चार जातात.

तिसऱ्या भाकरीच्या जागी उसळीची दुसरी वाटी घ्या. आता हिशेब बघा. दोन भाकऱ्यांचे बारा ग्रॅम, उसळीच्या दोन वाट्यांचे चौदा, दह्याचे तीन, शेंगाचटणीचे दोन-अडीच. तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं एका जेवणात झाली. तुमच्या ७८ किलो वजनाला दिवसभरात साधारण ६५ ग्रॅम लागतात, म्हणजे निम्मं काम दुपारी एका ठिकाणी, मांस-अंड्याशिवाय उरकलं. पोटही पाच वाजेपर्यंत शांत राहतं. हा मुद्दा पुढे मिरची-भज्यांच्या वेळी उपयोगाला येतो.

भात नको म्हणणं हे मात्र खरोखर अवघड काम आहे. सप्लायर भाताचं भांडं घेऊन मागून येतो आणि आपण "नको" म्हणेपर्यंत पानात एक ढीग पडलेला असतो. पडला की टाकवत नाही, आपल्या घरची शिकवणच तशी. म्हणून भात यायच्या आधीच, दुसरी भाकरी हातात असतानाच सांगून ठेवायचं: "अन्न ब्याडरी, काळपल्या कोडरी," म्हणजे भात नको, उसळ द्या. रोजच्या ठिकाणी आठवडाभर सांगितलंत की आठव्या दिवशी तो स्वतःच उसळीचं भांडं घेऊन येतो. ताटाचे पैसे ठरलेले असतात, त्यामुळे मालकाचीही कटकट नसते. ज्या दिवशी भातच खावासा वाटेल, विशेषतः सार चांगलं झालं असेल तेव्हा, त्या दिवशी एकच भाकरी आणि एक वाटी भात. नियम मोडला, पण मोजून मोडला.

भरल्या वांग्याबद्दल एक गोष्ट. ते मला स्वतःला फार आवडतं, म्हणून कुणाला सोडायला सांगवत नाही. पण त्याचं नाव एण्णेगाई, आणि एण्णे म्हणजे तेल, हे नावातच आलं. वांगं वाटीच्या कडेला चमच्याने ओढून ठेवायचं आणि वाटी किंचित कलती करून कच्चं खाऊन होईपर्यंत तशीच ठेवायची. तळाशी जे लालभडक तेल साठतं ते बघून घ्या. एखाद्या ठिकाणी एक चमचा निघतं, एखाद्या ठिकाणी तीन. दिवसभराचं सगळं मिळून तुम्हाला पाच-सहा छोटे चमचे तेल पुरे आहे. ते तळातलं तेल भाकरीने पुसून घ्यायचं नाही, एवढंच पाळा.

सावजी खानावळीत गेलात तरी हिशेब हाच. मटणाचे चार तुकडे, दोन भाकऱ्या, कांदा-लिंबू. रश्शावरचा तवंग बाजूला सारा. भाकरी रश्शात कुस्करून खाल्ली की तीन कधी झाल्या कळत नाही, त्यामुळे तोडून खा.

आता सकाळ. पुरी-भाजी आठवड्यातून एकदाच, आणि तीही ज्या दिवशी दुपारी खानावळ नक्की आहे त्या दिवशी. बाकी दिवस इडली. पण चार इडल्यांची प्लेट मी कुणाला सांगत नाही. हॉटेलच्या इडलीत तांदूळ भरपूर आणि उडीद कमी, म्हणजे चार इडल्या हा वाफवलेला भातच झाला. त्यापेक्षा दोन इडल्या आणि एक वडा, वर सांबाराची दुसरी वाटी मागून. वडा तळलेला असतो हे मला माहीत आहे. पण तो पूर्ण उडदाचा, त्यामुळे दोन इडल्यांना जी डाळ कमी पडते ती तो भरून काढतो आणि पोट अकरापर्यंत थांबतं. वडा आठवड्यातून दोनदा. इतर दिवशी दोन इडल्यांबरोबर दोन उकडलेली अंडी. निघताना घरीच उकडून खिशात टाका, डबा लागत नाही. दोन अंड्यांचे बारा ग्रॅम प्रथिनं होतात. अंडं चालत नसेल तर मूठभर फुटाणे. सांबार पातळ असेल तर त्यात डाळ नावालाच असते. चमचा तळापर्यंत नेऊन वर आणला की कळतं. डाळ असलेलं सांबार चमच्याला धरून येतं, नुसतं मसालापाणी लगेच ओघळतं.

तुमच्या निपाणीत मिसळही चांगली मिळते. ती घ्यायला हरकत नाही, फक्त उसळ जास्त, कट वेगळ्या वाटीत आणि दोनच ब्रेड. शेव-फरसाण वर पडायच्या आधी सांगा, नंतर ते रश्शात भिजतं आणि वेगळं काढता येत नाही.

चहाचा हिशेब तुम्ही केलाच नसेल. टपरीवरच्या पूर्ण कपात दोन छोटे चमचे साखर सहज असते, म्हणजे दहा ग्रॅम. सहा चहा म्हणजे साठ. तुमच्यासारख्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, ५० म्हणजे कमाल मर्यादा. तुम्ही तीही ओलांडता, एकही मिठाई न खाता! टपरीवर "साखर कमी" सांगून उपयोग नाही, कारण किटलीत चहा आधीच गोड झालेला असतो. त्यावर आपल्या मुलखाची एक छान सोय आहे: बाय टू. दुकानदाराकडे गेलात की चहा नाकारता येत नाही, धंद्याचा प्रश्न असतो. मग एकाचे दोन करून घ्या. मान राखला जातो आणि साखर निम्म्यावर येते. उडुपी हॉटेलात तर कॉफीचं डिकॉक्शन आणि दूध वेगळं असतं, तिथे "साखर वेगळी" म्हटलं की वेगळी मिळते. दिवसातून दोन चहा बिनसाखरेचे, दोन बाय टू, आणि बाकीचे दोन सोडून द्या.

आता पाच वाजताची गाडी. गिरमिट हा तसा वाईट पदार्थ नाही. चुरमुरे, परतलेला कांदा-टोमॅटो, चिंच-गुळाचं पाणी, वरून डाळ्याचं पीठ, कोथिंबीर. चुरमुऱ्याने साखर लवकर चढते हे खरं, पण प्लेट वजनाने हलकी असते. "डाळं जास्त, कांदा जास्त, वर शेंगदाणे" एवढं सांगितलं की ती बरीच सावरते. खरा भार सोबतच्या मिरच्यांचा. दोन मोठ्या मिरची-भज्यांत मिळून तीन छोटे चमचे तरी तेल असतं, म्हणजे दिवसाच्या कोट्यातला निम्मा भाग चार घासांत. इथेही बाय टू: सोबतच्या माणसाबरोबर एक प्लेट, तुमच्या वाट्याला एक मिरची. आठवड्यातून दोन वेळा. इतर दिवशी भाजलेल्या शेंगा किंवा फुटाणे. मोसमात उकडलेल्या शेंगा मिळाल्या तर त्या घ्याच. दुपारी उसळीच्या दोन वाट्या पोटात असल्या की पाचला तुम्ही कढईकडे हौसेने बघाल, भुकेने नाही. या दोन नजरांत तीन मिरच्यांचा फरक असतो.

कढईकडे बघायचंच तर नीट बघा. गाडी लागल्या लागल्या, पहिल्या-दुसऱ्या घाण्यालाच खायचं. तेल कालचं असेल तर भजं टाकल्यावर फेस वर चढतो आणि लवकर बसत नाही, आच बेताची असूनही धूर निघतो, रंग काळपट चहासारखा असतो आणि कढईच्या काठावर चिकट पिवळा थर दिसतो. यातलं काही दिसलं तर गिरमिट घ्या, भजी नको. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या नको त्या द्रव्यांची कायद्याने २५ टक्के ही मर्यादा आहे, २०१८ पासून. पण गाडीवर ती मोजायला कोणी उभं नसतं, तेव्हा डोळे आणि नाक हीच आपली तपासणी. भजी वर्तमानपत्रावर घेऊ नका, शाई तेलात उतरते. प्लेट मागा. आणि चायनीजच्या गाडीवरची गोबी मंच्युरी लालचुटुक दिसली तर तिथे थांबू नका. कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली आहे, तरी तो रंग अधूनमधून दिसतोच.

हे सगळं लागू पडतंय की नाही, ते माझ्यावर विश्वास ठेवून ठरवू नका. ग्लुकोमीटर घ्या. एक उदाहरण सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका बस कंडक्टरने एकाच खानावळीत लागोपाठ दोन दिवस जेवून बघितलं. पहिल्या दिवशी नेहमीसारखं, तीन भाकरी आणि भात, भाकरीपासून सुरुवात. पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी साखर १७१. दुसऱ्या दिवशी आधी काकडी-कांदा, मग उसळ, मग दोन भाकऱ्या, भात नाही. दोन तासांनी १३४. तुमच्या बाबतीत आकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच वापरा: जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून वेळ धरली तर चुकतं. दोन तासांनी १४० च्या आत आलात की ते ताट तुम्हाला मानवलं. वर गेलात तर भाकरी अर्ध्याने कमी करून परत बघा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालून गाडीत बसलात तर त्याचाही फरक आकड्यात दिसेल. बोटं सारखी टोचायची नाहीत, आठवड्यातून दोन जेवणं पुरे. त्यातलं एक नेहमी नवीन ठिकाणचं असू दे.

दोन गोष्टी मात्र या सगळ्यातून सुटत नाहीत. एक मीठ. चटणी, रंजका, लोणचं, पापड, सांबार, सगळीकडे ते भरपूर असतं आणि आपल्याला कमी करून मिळत नाही. लोणचं-पापड सोडा, सार पिऊ नका, रात्री घरी मीठ हलकं ठेवा. रक्तदाब असेल तर बाहेरच्या जेवणांची संख्याच कमी करावी लागते, तिथे माझ्याकडे युक्ती नाही. दुसरी गोष्ट माझ्याच चुकीतून शिकलेली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ट्रकचालकाला मी हेच सांगितलं, भात बंद आणि भाकरी निम्मी. तो साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होता, मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाडी चालवताना हात थरथरले, दरदरून घाम आला. नशिबाने त्याने गाडी बाजूला घेतली आणि गूळ-पाणी प्याला. तुम्हाला गोळी नाही, म्हणून तुम्हाला हे बिनधास्त सांगतेय. तुमचं बघून गोळी किंवा इन्सुलिन घेणारा कोणी सोबती हेच करायला निघाला, तर त्याला आधी डॉक्टरांकडे धाडा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यालाही उसळीच्या दोन वाट्या परस्पर सांगू नका.

तीन महिन्यांची साखर पुन्हा करायची ती तीन महिन्यांनीच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात केलेली तपासणी बरीचशी जुन्या जेवणांचाच हिशेब दाखवते आणि माणूस उगाच खचतो. तोवर खिशात एक छोटी वही ठेवा. तारीख, गाव, ताटात काय होतं, दोन तासांनी किती. बेळगावला याल तेव्हा ती घेऊन या, रिपोर्टच्या आधी मी तीच बघेन.